मुलीच्या शाळेच्या स्पोर्ट्स डेला पालक म्हणून दोन मिनिटं बोलायचंय, ‘जिंकण्यापेक्षा भाग घ्या’ हे छोट्या पोरांना कसं सांगू?

कृष्णाकाठचा_पालक

नमस्कार मंडळी. मुलगी दुसरीत आहे, शाळा कराडातली. यंदा स्पोर्ट्स डे 15 जानेवारीला ठेवलाय, म्हणजे खाशाबा जाधवांच्या जयंतीला, तोच आपला राज्य क्रीडा दिन पण आहे. पालक संघातून एकाने मुलांशी दोन शब्द बोलायचे असं ठरलं आणि ते माझ्याकडे आलंय. विषय मॅडमनीच दिला, जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं. समोर पहिली ते चौथीची मुलं, मागे पालक. लिंबू-चमचा, बेडूकउड्या, पोत्यातली शर्यत, 50 मीटर धावणे आणि शेवटी चौथीच्या मुलांची रिले असं आहे सगळं.

मला हे मनापासून चांगलं करायचंय कारण गेल्या वर्षी आमच्याच वर्गातली एक मुलगी धावताना पडली आणि उठून थेट आईकडे पळत गेली, रेषेकडे नाही, आणि पुढचा सगळा दिवस ती आईच्या ओढणीत तोंड घालून बसली होती. ते डोक्यातून जात नाही.

मी लिहिलेलं असं आहे, सांगा कसं वाटतंय:

“आदरणीय मुख्याध्यापिका, शिक्षकवृंद, पालक आणि माझ्या बालमित्रांनो, जिंकणं-हरणं महत्त्वाचं नसतं, सहभाग महत्त्वाचा असतो. आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, तिथे सहावे आले, पण खचले नाहीत. पुन्हा जिद्दीने सराव केला आणि 1952 साली हेलसिंकीला ब्राँझपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. म्हणून हरलात तरी निराश होऊ नका...”

पुढे अजून बरंच आहे, साधारण चार मिनिटं होतात वाचायला. दोन मिनिटांत बसवायचंय. काय कापू?

शुभदा_के

खूप छान विषय. वक्तृत्व स्पर्धेसाठी असेल तर सुरुवात एखाद्या सुभाषिताने करावी आणि शेवटी चार ओळींची कविता, परीक्षकांवर छाप पडते. माझ्या भाचीला आम्ही असंच बसवून दिलं होतं, हातवारे पण शिकवले, तिचा दुसरा नंबर आला. तुमची मुलगी दुसरीत म्हणताय तर तिला चार मिनिटं पाठ होणं अवघड आहे, दोनच ठेवा.

कृष्णाकाठचा_पालक

शुभदाताई, धन्यवाद, पण बोलणार मी आहे हो, मुलगी नाही. स्पर्धा पण नाहीये, शर्यती सुरू व्हायच्या आधी मैदानावर बोलायचंय.

शुभदा_के

अच्छा अच्छा, मी घाईत वाचलं. मग कविता नको.

वाचनवेडा

माझ्या मते सुरुवात ऑलिंपिकपासूनच करा. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारे कुबेर्तां यांनी 1896 ला अथेन्सलाच सांगितलं होतं की जिंकणं नाही तर भाग घेणं महत्त्वाचं, आणि तेच ऑलिंपिकचं ब्रीदवाक्य आहे. एवढ्या मोठ्या माणसाचं वाक्य म्हटल्यावर पालकही ऐकतात.

ठाण्याचा_क्रीडाप्रेमी

वाचनवेडा, वाक्य कुबेर्तांचं म्हणून प्रसिद्ध आहे ते बरोबर, पण 1896 नाही, ते 1908 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळचं आहे. 24 जुलैला एका मेजवानीत ते बोलले आणि तिथेच त्यांनी सांगितलं की हा विचार मला आधीच्या रविवारी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये ऐकलेल्या प्रवचनातून मिळाला, पेनसिल्व्हेनियाच्या बिशपच्या. आणि ब्रीदवाक्य वेगळं आहे, अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान, त्याला 2021 मध्ये ‘एकत्र’ जोडलं.

पण मला यातलं भारी वाटतं ते म्हणजे ते वाक्य कधी आलं. त्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश लोकांची कडाक्याची भांडणं लागली होती. 23 जुलैला 400 मीटरची फायनल झाली, त्यात एका अमेरिकन धावपटूने ब्रिटिश हाल्स्वेलची वाट अडवली असं म्हणून पंचांनी शर्यत रद्द केली आणि पुन्हा धावा म्हणाले. बाकीच्या अमेरिकनांनी नकार दिला आणि 25 तारखेला हाल्स्वेल एकटाच ट्रॅकवर धावला आणि त्याला सुवर्ण मिळालं. म्हणजे या दोन दिवसांच्या मधे कुबेर्तां भाग घेण्याबद्दल बोलले. ते काही शांत वातावरणात सुचलेलं गोड वाक्य नाही, मोठी माणसं निकालावरून भांडत असताना बोललेलं आहे. पहिलीच्या मुलांना यातलं काही कळणार नाही, पण पालकांसाठी एक वाक्य म्हणून चालेल.

वाचनवेडा

अरे वा, हे माहीत नव्हतं. मी एका कॅलेंडरवर वाचलं होतं, त्यावर 1896 होतं. पण वाक्य घ्यावंच असं मला अजूनही वाटतं.

निवृत्त_पीटी_शिक्षक

कृष्णाकाठ, मी सांगली जिल्ह्यात प्राथमिकला बरीच वर्षं खेळ शिकवले आहेत, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, चालेल ना.

भाषणात काय लिहायचं ते नंतर. आधी तुमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना जाऊन भेटा आणि एकच विचारा, लिंबू-चमच्यात लिंबू पडलं तर नियम काय? काही शाळांत लिंबू पडलं की मूल बाद, बाईंनी हाताला धरून बाजूला काढलं. काही ठिकाणी जिथं पडलं तिथंच थांबायचं, उचलून चमच्यात ठेवायचं आणि तिथून पुढं चालायचं. आता तुम्ही माइकवर सांगणार की पडलं तरी सोडू नका, शेवटपर्यंत जा, आणि पाच मिनिटांनी लिंबू पडल्या पडल्या पंच त्याच मुलाला बाहेर काढणार. मग मुलानं कुणाचं ऐकायचं? सहा-सात वर्षांचं मूल जे डोळ्यांनी बघतं तेच खरं धरतं. त्यामुळं नियम ‘उचला आणि पुढं चला’ असा करून घ्या, मग भाषण लिहा. मी हे सगळ्यात आधी सांगतोय कारण बोलणाऱ्याला मैदानावरचा नियम माहीत नसतो आणि पंचाला भाषणात काय येणार ते माहीत नसतं.

दुसरं, रेषेवर काय होतं ते आठवून बघा. पहिले तीन आले की पंच त्यांना धरून नंबर लिहायला घेऊन जातात, फीत गोळा होते, माइकवर तीन नावं पुकारली जातात आणि पुढची हीट उभी राहते. चौथ्यापासून आठव्यापर्यंतची मुलं येतात तेव्हा तिथं कुणीच नसतं. मग ती अर्ध्यातच चालायला लागतात, काही तर मधूनच बाहेर जातात. ती आळशी नसतात, त्यांना रेषा संपलेली दिसते. एक बाई किंवा एक पालक फक्त शेवटच्या मुलाची वाट बघत रेषेवर उभा ठेवायचा, बाकी काही काम द्यायचं नाही. तुमच्या दोन मिनिटांतलं एक वाक्य यासाठी वापरा, की मी स्वतः शेवटच्या मुलासाठी रेषेवर उभा असणार आहे. आणि मग खरंच उभं राहा.

तिसरं, छोटी मुलं 50 मीटरमध्ये रेषेच्या अलीकडं थांबतात. समोर फीत दिसते, पालक मोबाइल घेऊन उभे दिसतात, मूल बिचकतं. म्हणून आम्ही रेषेच्या पुढं पाच-सहा मीटरवर रंगीत कोन ठेवायचो आणि सांगायचो की पळायचं ते कोनापर्यंत. तुमच्या भाषणात ‘शेवटपर्यंत जा’ यापेक्षा ‘लाल कोनापर्यंत पळा’ हे मुलांना जास्त कळेल.

कृष्णाकाठचा_पालक

सर, हे फारच उपयोगी आहे. नियमाचं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. उद्याच भेटतो सरांना. बोलायला नेमकं कधी उभं राहावं? कार्यक्रमपत्रिकेत ध्वजारोहण, संचलन, मशाल, शपथ, पाहुण्यांचं मनोगत आणि मग मी असं आहे.

निवृत्त_पीटी_शिक्षक

पाहुण्यांच्या नंतर नको. मुलं संचलनानंतर उन्हात उभी असतात, पाहुण्यांचं संपेपर्यंत मागच्या रांगा मातीत रेघोट्या ओढत असतात. शपथ झाली की लगेच घ्या, कारण शपथेत ‘खिलाडूवृत्तीने खेळू’ असं मुलं नुकतीच ओरडून म्हणालेली असतात, त्याचाच धागा पकडता येतो. आणि बोलायच्या आधी मुलांना खाली बसवायला सांगा, एवढं नक्की करा.

आणि एक, मैदानावर भोंगे दोन टोकांना असतात. लांबच्या भोंग्याचा आवाज थोडा उशिरा येतो आणि शब्दावर शब्द चढतो. भरभर बोललात तर कुणालाच काही कळणार नाही. एक वाक्य, मग थांबा, मग दुसरं. असं बोललं तर मिनिटाला साधारण शंभरच शब्द होतात. म्हणजे तुम्हाला दोनशे शब्द आहेत, जास्त नाहीत. ‘आदरणीय’ची यादी काढून टाका, ती सूत्रसंचालकाने केलेली असतेच.

ट्रॅकवरची_माई

मी नाशिकला मुलामुलींना धावण्याचं कोचिंग देते. मला तुमच्या पहिल्याच वाक्यावर आक्षेप आहे आणि तो स्पष्टच लिहिते. “जिंकणं-हरणं महत्त्वाचं नसतं.” माझ्याकडची तिसरीतली एक मुलगी रोज सकाळी साडेपाचला आजोबांबरोबर ग्राउंडवर येते. तिला जिंकायचंय, आणि त्यात काहीही वाईट नाही. तिच्यासमोर मोठा माणूस माइकवर म्हणतो जिंकणं महत्त्वाचं नसतं, आणि मग तोच माणूस स्टेजवर जाऊन फक्त पहिल्या तिघांच्या गळ्यात मेडल घालतो. मुलं काय समजायचं ते समजतात, की मोठे लोक हे नुसतं बोलायला बोलतात.

भाग घेण्याबद्दल बोला, जरूर बोला, पण जिंकण्याला कमी करून नको. दोन्हीला एकाच भाषणात जागा आहे.

दुसरं, खाशाबांची गोष्ट. तुम्ही ती “सहावे आले पण नंतर ब्राँझ मिळालं” अशी सांगताय. मग मुलाच्या डोक्यात काय राहतं? ब्राँझ. म्हणजे भाग घे कारण पुढे कधीतरी जिंकशील. आणि जो कधीच जिंकणार नाही त्याचं काय? बहुतेक मुलं कुठल्याच शर्यतीत कधीच पहिली येणार नाहीयेत. त्यांना ही गोष्ट लागू होत नाही.

कृष्णाकाठचा_पालक

माई, मुद्दा पटला, विशेषतः दुसरा. पण कराडात, 15 जानेवारीला, खाशाबांचं नाव न घेता खेळावर बोलायचं हे जमणार नाही मला. गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर आहे, मुलांपैकी काही तिथूनच येतात.

ठाण्याचा_क्रीडाप्रेमी

मग गोष्ट 1948 लाच थांबवा. तीच खरी भाग घेण्याची गोष्ट आहे. ते तोपर्यंत मातीतले पैलवान. लंडनला मॅटवर कुस्ती होती, आंतरराष्ट्रीय नियम वेगळे होते, पाय घसरण्याची, पकड बसण्याची सगळी सवयच वेगळी. तरी फ्लायवेटला सहावे आले. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. 1952 ला तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. बघा ना, पालकांना सांगायचं तर हेच सांगा, या सगळ्यांनी पैसे दिले तेव्हा पदक मिळणार हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी पाठवलं ते खेळायला.

ललिता बाबरचं पण घेता येईल. साताऱ्याच्याच, माण तालुक्यातल्या मोहीच्या. आधी खो-खो खेळायच्या. 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचल्या, तिथं दहाव्या आल्या. 1984 ला पी. टी. उषा फायनलला होत्या, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत फायनलला पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. दहावा नंबर, आणि तरी अख्खा जिल्हा अभिमानाने नाव घेतो.

ट्रॅकवरची_माई

ललिताचं चांगलं आहे, पण दुसरीच्या मुलाला ‘फायनलमध्ये दहावी’ म्हणजे मोठं काय ते कळत नाही हो, त्याला दहावी म्हणजे शेवटून जवळ एवढंच कळतं. पाचवीच्या पुढच्या मुलांना सांगा. लहानांना एकच नाव पुरे.

सोनचाफा

मी जरा वेगळं लिहिते, विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. माझ्या मुलाला दमा आहे. जानेवारीची थंड हवा, मैदानावरची धूळ आणि आखायला वापरतात ती चुन्याची फक्की, यात त्याला धावलं की त्रास होतोच. दरवर्षी स्टेजवरून कुणीतरी म्हणतं की प्रत्येकाने भाग घेतलाच पाहिजे, बसून राहणारा खरा हरला. गेल्या वर्षी एका पाहुण्यांनी हे वाक्य म्हटलं आणि तो माझ्याकडे बघत होता. दादा, कृपा करून असलं वाक्य घालू नका. भाग न घेणाऱ्या मुलाकडे कारण असतं, आणि ते सगळ्या मैदानाला सांगायची त्याच्यावर वेळ येऊ नये.

निवृत्त_पीटी_शिक्षक

ताई, अगदी बरोबर बोललात. आमच्याकडं अशा मुलांना आम्ही शिट्टी, फीत धरणं, पट्टीवर नंबर लिहिणं अशी कामं द्यायचो. भाषणात त्यांचाही उल्लेख करता येतो, की फीत धरणाराही खेळात आहे.

सोनचाफा

सर, चांगल्या भावनेने म्हणताय हे कळतंय, पण माझ्या मुलाला फीत धरायची नाहीये, त्याला पळायचं आहे. इनहेलर घेऊन, डॉक्टरांना विचारून तो लिंबू-चमचा करू शकतो, ती शर्यत हळूच असते. पण शाळेत ‘तुला बरं नाही ना, तू फीत धर’ असं परस्पर ठरवून टाकतात. विचारतच नाहीत.

निवृत्त_पीटी_शिक्षक

हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. खरं आहे, आधी मुलाला विचारायला पाहिजे.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत शाळांमधून बुंडेसयुगेंडश्पीले म्हणून देशभर खेळ होतात, धावणं, लांब उडी, फेकणं. त्यात सगळ्यांनाच प्रमाणपत्र मिळतं पण तीन प्रकारची, एक मानाचं, एक विजेत्याचं आणि एक नुसतं सहभागाचं. आणि मुलांना त्या तिसऱ्याचाच सगळ्यात जास्त राग असतो, कारण ते हातात आलं की सगळ्यांना कळतं आपण कुठे आहोत. 2023-24 पासून प्राथमिकच्या मुलांसाठी धावणं-उड्या सेकंद-सेंटिमीटरवर मोजण्याऐवजी साध्या पद्धतीने घ्यायचं ठरलं, लांब उडीला जमिनीवर पट्टे आखतात आणि कुठल्या पट्ट्यात पडला तेवढंच बघतात. त्यावर इथं पेपरात प्रचंड वाद झाला, मुलांना हरायला शिकवणारच नाही का म्हणून. अजून चालूच आहे.

माझं म्हणणं एवढंच की सहभागाचं प्रमाणपत्र देताना भाषणात त्याला फार मोठं करू नका, मुलं ते लगेच ओळखतात.

वाचनवेडा

पण मग सगळ्यांनाच एकसारखं मेडल द्यावं ना, भांडणच नाही.

ट्रॅकवरची_माई

नाही पटत. सगळ्यांना सारखं मेडल दिलं की जी पहिली आली तिला वाटतं माझ्या पळण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पहिलीपर्यंत ठीक आहे, तिसरी-चौथीला नाही.

सोनचाफा

मला पटतं सगळ्यांना द्यायचं. घरी गेल्यावर गळ्यात काहीतरी असणं त्या वयात फार मोठं असतं. माई, तुमच्याकडे येणारी मुलं आधीच खेळात चांगली असतात, आमच्या मुलांचं वेगळं आहे.

कृष्णाकाठचा_पालक

मेडलचं आमच्या हातात नाही, शाळेने तीनच नंबरांची आणलीत, बाकीच्यांना प्रमाणपत्र. त्यावर पालक संघात बोलणं चालू आहे पण यंदा काही बदलेलसं वाटत नाही.

सरांना भेटलो. लिंबाचा नियम आतापर्यंत ‘पडलं की बाद’ होता, ते म्हणाले पहिली-दुसरीला ‘उचला आणि पुढं चला’ करायला हरकत नाही, तिसरी-चौथीला जुनाच राहील कारण हीटला वेळ लागतो. लाल कोन शाळेत आहेतच. आणि शेवटच्या मुलासाठी रेषेवर मी आणि अजून एक आई उभे राहणार आहोत.

नवीन भाषण टाकतोय. मोठ्याने वाचून, थांबत थांबत, दोन मिनिटांत बसतंय.

“मुलांनो, आत्ता शपथ कोणी कोणी मोठ्याने म्हटली? हात वर. छान. मी तुमच्यातल्या एका मुलीचा बाबा आहे.

आज कोणाची जयंती आहे? खाशाबा जाधवांची. ते आपल्या शेजारच्या गोळेश्वरचे. ते लंडनला कुस्ती खेळायला गेले. ते मातीत खेळायचे आणि तिथं होती गादी. ते त्या गादीवर कधी खेळलेच नव्हते. तरी ते उतरले, आणि सगळ्या कुस्त्या खेळले. त्यांचा सहावा नंबर आला. आणि आज त्यांचं नाव आपण सगळे घेतोय.

आज काहीजण पहिले येणार. त्यांनी सराव केलाय, त्यांच्यासाठी आपण जोरात टाळ्या वाजवायच्या. काहीजण मागे राहतील. काहीजण पडतील. पडलात तर काय करायचं? उठायचं, गुडघा झटकायचा, आणि लाल कोनाकडे बघायचं. तिथे मी उभा असणार आहे. शेवटचं मूल येईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांनो, लिंबू पडलं तर उचला, चमच्यात ठेवा आणि पुढे चला. आज तसाच नियम आहे.

शेजारी पडलेल्याला हसायचं नाही. त्याला म्हणायचं, चल ऊठ.

आता आईबाबांसाठी. दोरीच्या आत येऊ नका, मुलं तुम्हाला बघून थांबतात. निकालावर काही म्हणणं असेल तर सरांना नंतर भेटा, मुलांसमोर नको. आणि टाळ्या पहिला आल्यावर सुरू करा, पण शेवटचं मूल पोचेपर्यंत थांबवू नका. घरी जाताना ‘कितवा आलास’ हा पहिला प्रश्न नको. ‘काय काय खेळलास’ असं विचारा.

चला, खेळूया.”

ठाण्याचा_क्रीडाप्रेमी

“सगळ्या कुस्त्या खेळले” हे बदला. तेव्हाच्या ऑलिंपिक कुस्तीत दोषगुण मोजून खेळाडू बाद व्हायचे, त्यामुळे ‘सगळ्या’ म्हणणं बरोबर नाही. “तरी ते उतरले आणि लढले” एवढं ठेवा.

ट्रॅकवरची_माई

आता चांगलं झालं. पहिल्या येणाऱ्यांना ‘त्यांनी सराव केलाय’ म्हटलंत ते महत्त्वाचं आहे, त्यांना नशीबवान म्हणत नाही आहात. एकच, रिलेचा उल्लेख करा. चौथीची मुलं रिलेत बॅटन पाडतात आणि मग बाकीचे तिघं त्या एकावर तुटून पडतात, वर्षभर तेच ऐकवतात. ‘चल ऊठ’ला जोडून ‘बॅटन पडलं तर टाकणाऱ्यानेच उचलायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं नाही’ असं काहीतरी.

निवृत्त_पीटी_शिक्षक

माई, ते बॅटनचं भाषणात नको, शब्द वाढतात. ते सरांनी स्टार्टवर चौथीच्या मुलांना सांगावं. लहानांना बॅटन म्हणजे काय ते माहीतच नसतं.

कृष्णाकाठ, “हात वर” ठेवलंत ते फार छान, तेवढ्यात मुलं जागी होतात. “आईबाबांसाठी” मात्र थोडं लहान करा. आजी-आजोबाही असतात मैदानावर, “घरच्यांसाठी” म्हणा.

सोनचाफा

‘भाग घेतलाच पाहिजे’ नाहीये कुठेच. मनापासून आभार दादा.

कृष्णाकाठचा_पालक

झाला आमचा स्पोर्ट्स डे. कसं झालं ते सांगतो, इतक्या लोकांनी वेळ दिलाय.

शपथेनंतर लगेच बोललो, मुलं खाली बसली होती. दुसऱ्या भोंग्याचा आवाज खरंच मागून येत होता, सरांनी सांगितलं नसतं तर मी गोंधळलो असतो. “आज कोणाची जयंती” विचारलं तर गोळेश्वरची पोरं एवढ्या जोरात ओरडली की पुढचं वाक्य बोलायला मला थांबावं लागलं.

लिंबू-चमच्याला पहिलीच्या पहिल्याच हीटमध्ये पाच लिंबं पडली. चौघांनी उचलली आणि चालत राहिली. एक मुलगा लिंबाकडे बघत उभाच राहिला, त्याच्या शेजारची मुलगी “उचल, आज नियम आहे” म्हणाली. तिनं स्वतःचं लिंबूही त्या नादात पाडलं. दोघं एकत्रच आली रेषेवर. गेल्या वर्षी पडलेली मुलगी 50 मीटरला सहावी आली, कोनापर्यंत पळत आली आणि कोनाला हात लावून पुढं गेली.

तिसरी-चौथीला मात्र जमलं नाही. तिथं जुना नियम होता आणि मी सगळ्यांसमोर ‘उचला आणि पुढे चला’ म्हटलेलं. ‘पहिली-दुसरीच्या मुलांनो’ असं आधी म्हटलं होतं तरी तिसरीच्या दोन मुली लिंबू उचलून चालायला लागल्या, पंचांनी बाहेर काढलं, त्या रडल्या. पुढच्या वेळी नियम सगळ्यांना एकच पाहिजे, नाहीतर ते वाक्य माइकवर न बोलता त्या त्या रांगेत जाऊन सांगायला पाहिजे.

टाळ्या पहिल्या काही हीटना शेवटपर्यंत वाजल्या, नंतर लोक दमले आणि आपापल्या मुलापुरते वाजवायला लागले. दोरीच्या आत पालक आलेच. एका 50 मीटरच्या हीटला दुसरा-तिसरा कोण यावरून दोन घरच्यांची मुलांसमोरच बोलाचाली झाली, सरांनी मिटवली.

निवृत्त_पीटी_शिक्षक

दोरीचा उपाय म्हणजे दोरीला माणूस लागतो, नुसती दोरी कुणी मानत नाही. दर दहा मीटरला एक चौथीतला मुलगा किंवा मुलगी उभी करा, मोठी माणसं लहान मुलांचं ऐकतात. अर्थात आधी त्यांना विचारून, सोनचाफाताई म्हणाल्या तसं.

सोनचाफा

:) सर. आमचा स्पोर्ट्स डे पुढच्या आठवड्यात आहे. मी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी दिलीय की त्याला लिंबू-चमचा करायचाय, इनहेलर माझ्याजवळ असेल. अजून उत्तर आलेलं नाही.

ट्रॅकवरची_माई

चिठ्ठीबरोबर डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र जोडा, शाळा जबाबदारीला घाबरते म्हणून नाही म्हणते बहुतेक वेळा. आणि वॉर्मअप जास्त वेळ द्या त्याला, दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालणं, थंडीत एकदम पळायला लागलं की छाती भरते. नाकातोंडावर पातळ रुमाल बांधून वॉर्मअप केला तर धुळीचाही त्रास थोडा कमी होतो. बाकी डॉक्टर सांगतील तसं.

गुहागरची_आई

धागा आत्ताच वाचला. आमच्याकडे पाचवी ते सातवीसमोर बोलायचंय फेब्रुवारीत. हेच भाषण चालेल का? कोन, लिंबू वगैरे काढून?

निवृत्त_पीटी_शिक्षक

नाही चालणार ताई. सहावी-सातवीच्या मुलाला आपण कितवे येणार ते शर्यतीच्या आधीच माहीत असतं, वर्गातल्या वर्गात रोज पळून झालेलं असतं. त्यांच्यात नाव न देणं हा प्रश्न असतो, पडल्यावर न उठणं हा नाही. त्यांच्याशी नावनोंदणीच्या आठवड्यातच बोलायला हवं, स्पोर्ट्स डेच्या दिवशी उशीर झालेला असतो. तुमच्याकडं नावं कधी घेतात?

गुहागरची_आई

जानेवारी अखेरीस. म्हणजे अजून वेळ आहे. ललिता बाबरचं तेव्हा घेऊ का, दहावा नंबर वगैरे?

ठाण्याचा_क्रीडाप्रेमी

घ्या की. त्या आधी खो-खो खेळायच्या ते नक्की सांगा, तुमच्याकडे खो-खोची टीम असेल तर त्या मुलींना 800 मीटरला नाव द्यायला तेवढं पुरेल.